वृश्चिक खुनशी, कन्या किटकिटी: ही टवाळी आपल्याला गोड का लागते?

मीनल, सुदामानगर
आमच्या इंदूरच्या मंडळाच्या ग्रुपवर रोज बारा राशींचं मीम येतं. वृश्चिक खुनशी, कन्या किटकिटी, सिंह आरशापुढून हलत नाही. समोरासमोर कोणी ‘तू खुनशी आहेस’ म्हटलं तर बोलणं बंद होईल. इथे मात्र तीच माणसं ‘अगदी मीच!’ म्हणून दहा जणांना पाठवतात. हे का आवडतं? की राशीत तथ्य आहे म्हणूनच पटतं?

प्रसन्न
त्या शिव्या नीट वाचा, प्रत्येकीला आतून अस्तर आहे. खुनशी म्हणजे मनापासून जीव लावणारा, म्हणून दुखावला की विसरत नाही. किटकिटी म्हणजे काम चोख करणारी. आळशी खादाड वृषभ म्हणजे सुखी जीव. दोष मोठ्याने बोलायचा आणि गुण वाचणाऱ्याने मनात भरायचा, असा तो मामला आहे.

खात्री करायची तर वृश्चिकेची ओळ बदलून पाहा: ‘उसने घेतलेले पाचशे परत करत नाही, वर विचारलं की चिडतो.’ अतिशयोक्ती इथेही आहे, पण ‘अगदी मीच’ म्हणून कोणी पुढे पाठवणार नाही. कारण या दोषाला उलटून पाहिलं तरी काही चांगलं निघत नाही.

चालणारी ओळ अशी असते: ‘तूळ: रात्री दहाला सराफ्यात पोचते, गराडू घ्यावा की भुट्ट्याचा कीस हे बारापर्यंत ठरत नाही.’ नुसतं ‘निर्णय घेता येत नाही’ असं लिहिलं तर तो शेरा होतो, टोचतो. ओळखीच्या जागेत ताणून दाखवलं की हसू येतं. शिवाय बाराही राशींना बोल लागलेला असतो, त्यामुळे एकट्यालाच पकडल्यासारखं वाटत नाही. आणि दोष ताऱ्यांच्या माथी जातो, सुधारायची जबाबदारी अंगावर येत नाही.

जोशीकाका
अहो, पण त्या ओळी आकाशातून पडल्या का? वृश्चिकेचा स्वामी मंगळ, तत्त्व जल. राग आहे पण आत मुरलेला, हे तिथूनच येतं. मिथुन वायुतत्त्वाची, स्वामी बुध, म्हणून बडबडी आणि चंचल. मीम करणाऱ्याने नुसता रंग भडक केला. मुळात तथ्य आहे म्हणूनच लोकांना पटतं.

बंटी
काका, माझा जन्म 3 नोव्हेंबरचा. मीममध्ये मी वृश्चिक. पत्रिकेत मात्र मेष, म्हणून नाव ‘ल’वरून ठेवलेलं. मग खरा मीम कोणता आपला? आणि वृश्चिकेचं वाचून मूंगा घालू का?

जोशीकाका
मीम वाचून पोवळं घालतात का, बंटी! आपण पत्रिकेत रास म्हणतो ती चंद्राची. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, नावाचं अक्षरही त्याच्याच नक्षत्राच्या चरणावरून येतं. मीम सूर्याच्या राशीचं, तेही पाश्चात्त्य सायन पद्धतीचं. आपल्या निरयन पंचांगाने 3 नोव्हेंबरला सूर्य अजून तुळेतच असतो, वृश्चिकेत तो 16 नोव्हेंबरच्या सुमारास जातो. तुझी रास मेष, विषय संपला.

प्रसन्न
काका, मीमच्या ओळी स्वामी आणि तत्त्वांवरून निघाल्या हे खरं. पण ओळ कुठून आली हा एक प्रश्न, आणि ती या माणसाला लागू पडते का हा दुसरा. बंटीच्या हातात आता तीन राशी आहेत: वृश्चिक, तूळ, मेष. खुनशी, ठरवता न येणारा, तडकू. तिन्ही ओळी तो आपल्याच म्हणेल.

मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा अहवाल’ म्हणून एक कागद दिला. मजकूर सगळ्यांना एकच होता, बराचसा बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. अहवाल किती जुळतो याला मुलांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले.

स्वाती
प्रसन्न, फोररचं उदाहरण इथे पुरतं बसत नाही. त्याची वाक्यं गुळमुळीत होती: बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता, अशा थाटाची. दोन्हीकडून चालणारी. मीम तर थेट तोंडावर फेकतं, ‘कर्क: भाजीवाल्याने ताई म्हटलं तरी रडते.’ यात गुळमुळीत काय आहे?

प्रसन्न
बरोबर पकडलंत. इथे गुळमुळीतपणाचं काम अतिशयोक्ती करते. भाजीवाल्यापुढे कोणीच रडत नाही, म्हणून वाचणारी स्वतःच ओळीला कात्री लावते आणि आपल्या मापाची करून घेते. एकीला त्यात लग्नातलं रडू आठवतं, दुसरीला मुलाचा निकाल. ती कात्री आपणच चालवली हे मात्र लक्षात राहत नाही.

स्वाती
हे पटलं. पण ‘निरुपद्रवी गंमत’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चीनमध्ये कन्या राशीचं नाव ज्या शब्दाने भाषांतरित झालं त्याचा अर्थ कुमारिका. त्यावरून ती माणसं चिकित्सक, कटकटी असा शिक्का बसला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लग्न जमवताना आणि नोकरी देताना कन्यावाल्यांना डावललं जातं असं दिसलं. दीड लाखाहून जास्त लोकांचे स्वभाव तपासले तर राशीप्रमाणे फरक मिळाला नाही, कामाच्या दर्जातही नाही. आपल्याकडे मंगळ असलेल्या मुलींचं काय होतं ते सांगायला नकोच.

जोशीकाका
मंगळाचा दोष पत्रिकेत पाहतात, मीममध्ये नाही. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

स्वाती
काका, स्थळ नाकारताना पारडं कोण तपासतं?

प्रसन्न
स्वातीताईंच्या मुद्द्याला जोड देतो. 1978 मध्ये मेयो, व्हाइट आणि आयझेंक यांनी दोन हजारांवर लोकांच्या प्रश्नावल्या तपासल्या, तेव्हा राशी आणि स्वभाव थोडे जुळले होते. ज्योतिषवाले खूश झाले. पुढे कळलं की जुळणी मुख्यतः आपली रास कशी असते हे आधीच माहीत असलेल्यांमध्ये होती. ‘मी सिंह, म्हणजे बोलका’ असं मनात धरून लोक उत्तरं देत होते. रोजची मीमं हीच उजळणी करून घेतात.

मीनलताई, ग्रुपवरच पडताळून पाहा. बारा ओळी राशीचं नाव काढून, क्रम मोडून टाका आणि प्रत्येकाने आपली एकच ओळ निवडून फक्त तुम्हाला कळवावी. 24 जण असतील तर नुसत्या नशिबाने 2 बरोबर येतील, 4 आले तरी नवल नाही. ओळीत डंख, तराजू, आयाळ असलं काही ठेवू नका, नाहीतर रास ओळखून निवडतील. मीमं पाठ असलेल्यांची उत्तरं वेगळी मोजा, नाहीतर तो आयझेंकचाच घोळ होईल.

जोशीकाका
होऊ दे. पण सूर्यरास चुकली तर चंद्ररास पाहा, ती नाही तर लग्नरास. जुळेलच.

प्रसन्न
तीन राशींपैकी कुठलीही चालली तर नशिबानेच 24 पैकी सहाएक जण जुळतील. कुठली रास धरायची ते आधी सांगा.

जोशीकाका
चंद्ररास. लिहून देतो.

बंटी
म्हणजे मी मेष. पण भिया, मला वृश्चिकेचीच ओळ भारी वाटते, तीच निवडली तर?

मीनल, सुदामानगर
तीच निवड, बंटी. फक्त ग्रुपवर सांगू नकोस, मला एकटीला कळव. रविवारी पोह्यांच्या आधी ओळी टाकते.