जंतू ‘शिकतात’ म्हणजे नेमके काय होते

‘जंतू औषध ओळखून जगायला शिकतात, एवढे लोकांना समजावण्याच्या संहितेत सांगितले तर पुरेसे नाही का?’

पुरेसे नाही. इंदूरजवळच्या गावांतील आशाताईंच्या प्रशिक्षणात माझा अनुभव असा की, तेवढ्यावर थांबले तर रुग्णाच्या शरीरालाच औषधाची सवय होते, असा समज पक्का होतो. त्याऐवजी एक प्रसंग घ्यावा. पातळ जुलाब झालेल्या दोन वर्षांच्या मुलाला दुकानातून आणलेले ऑफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिले जाते. या वयातले असे जुलाब बहुधा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर हे औषध चालत नाही. मात्र आतड्यात एरवी निरुपद्रवी राहणारे ई. कोलाय जंतू त्याने मरतात, आणि ज्या मोजक्यांत योगायोगाने आधीच बचावाचा बदल झालेला असतो, तेच उरून मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. म्हणजे एकेकटा जंतू शिकत नाही, वस्ती बदलते. (काही जंतू बचावाची जनुके शेजाऱ्यालाही देतात, ‘शिकणे’ म्हणायचेच तर ते इथे शोभेल.) हे जंतू मुलाच्या शौचातून, नीट न धुतलेल्या हातांवाटे आईपर्यंत पोहोचतात, आणि पुढे तिला लघवीचा संसर्ग झाला तर जे औषध तिने कधी घेतलेच नाही, तेही लागू पडत नाही. माझ्या मते संहितेचा सगळा भर या आईवर असावा.

त्यापुढे कृती थोडक्यात सांगावी: ओआरएस आणि 14 दिवस झिंक. शौचात रक्त दिसल्यास मात्र मुलाला लगेच आरोग्य केंद्रात पाठवावे, कारण अशा वेळी प्रतिजैविकाची खरोखर गरज असते.