पेपरच्या आदल्या रात्री तुमचं कुठल्या अ‍ॅडजस्टमेंटवरून भांडण झालं?

गॅलरीतला बल्ब

मुलगी बारावी कॉमर्सला आहे. काल रात्री फोनवर मैत्रिणीशी तिची जुंपली होती, "अगं, माझं टॅली झालंय!" हे वाक्य मी भिंतीपलीकडून चार वेळा ऐकलं आणि थेट २००६ सालच्या नायगावच्या बीडीडी चाळीत पोचले.

आमच्या खोलीत सात माणसं झोपायची, म्हणून मी आणि सुजाता गॅलरीतल्या बल्बखाली चटई टाकून बसायचो. दुसऱ्या दिवशी अकराला बुककीपिंगचा पेपर. रात्री बाराच्या पुढे एक फायनल अकाउंट्सचं गणित दोघींनी वेगवेगळं सोडवलं. ट्रायल बॅलन्समध्ये १२ टक्क्यांचं बँक कर्ज होतं, १,००,००० रुपये, १ जुलैला घेतलेलं. डेबिटला कर्जावरचं व्याज ६,०००. वर्षअखेर ३१ मार्च. खाली अ‍ॅडजस्टमेंटमध्ये व्याजाबद्दल चकार शब्द नाही, आपणच ओळखायचं.

मी हिशेब केला, वर्षाचं व्याज १२,०००, भरलं ६,०००, म्हणजे ६,००० आउटस्टँडिंग. बरोब्बर अर्धं, त्यामुळे मला ते फारच पटलं. सहा महिन्यांचं भरलं, सहा महिन्यांचं राहिलं. सुजाताच्या वहीत ३,०००.

"तुझं चुकलंय. माझी बॅलन्स शीट टॅली झालीय," मी म्हटलं.

"माझीही झालीय."

दोघींनी वह्या शेजारी ठेवल्या. दोन्हीकडे बेरीज २,८६,५००, रुपयाचाही फरक नाही! गाइडच्या मागे उत्तर म्हणून नेमकी तेवढीच बेरीज छापली होती, नफा नव्हता. म्हणजे गाइडच्या हिशेबाने दोघीही बरोबर. आता आली का पंचाईत?

तासभर भांडलो. शेजारच्या काकूंनी आतून "झोपा गं बायांनो" म्हणून दोनदा ओरडून झालं. शेवटी सुजाता म्हणाली, "कर्ज घेतलं जुलैत. मग एप्रिल, मे, जूनचं व्याज बँक कशावर लावणार? तेव्हा पैसे होते कुठे तुझ्याकडे?" मी बोटांच्या पेरांवर जुलै ते मार्च मोजले. नऊ. नऊ महिन्यांचे ९,०००, त्यातले ६,००० दिलेले, राहिले ३,०००. तरी मी हट्टाने म्हटलंच, "पण दर दरसाल आहे ना!" मग नळाला पाणी आलं आणि वाद तिथेच सुटला.

बेरीज एकच का आली, हे मात्र त्या रात्री दोघींनाही कळलं नव्हतं. तुमचे किस्से येऊ द्या.

रोजमेळ

चौतीस वर्षं हिशेब लिहिले, आधी गिरणीत, मग फोर्टातल्या एका कचेरीत. बेरीज एकच येणारच होती. आउटस्टँडिंग खर्च धरला की नफा तेवढा कमी होतो, म्हणजे भांडवल कमी होतं, आणि त्याच बाजूला देणं तेवढंच वाढतं. दोन्ही हालचाली डाव्या बाजूलाच, मालमत्तेला धक्काही नाही. तुम्ही ६,००० ऐवजी ६०,००० लिहिले असते तरी बेरीज २,८६,५००च राहिली असती. टॅली होणं एवढंच सांगतं की दोन परिणाम दिले. ते किती रकमेचे दिले, हे त्याला कळत नाही. म्हणून अशा वेळी मैत्रिणीच्या नफ्याशी नफा ताडून बघायचा.

प्रीपेडचं तसं नाही. समजा १ जानेवारीला वर्षाचा विम्याचा हप्ता १२,००० भरला. ३१ मार्चला तीन महिने उलटले, ९,००० पुढचे. कुणी उलटं मोजून ३,००० प्रीपेड धरले, तरी बॅलन्स शीट टॅली होईल, पण बेरीज ६,०००ने कमी येईल. इथे गाइडची बेरीज उपयोगाची, चूक तिथेच पकडली जाते.

मी शेवटपर्यंत एकच करत असे. कागदावर आडवी रेघ, एका टोकाला सुरुवातीची तारीख, मध्ये ३१ मार्च. आकडा त्यानंतर. कचेरीत तर आकडाही हातात नसायचा. मार्चचं विजेचं बिल एप्रिलात यायचं, आम्ही मागची बिलं बघून ४०,००० धरायचो. ४३,२०० आलं तर वरचे ३,२०० नव्या वर्षात. ऑडिटर कुरकुरायचा, पण मानायचा.

दादर फास्ट

आमचं भांडण आउटस्टँडिंग पगारावरून. ट्रायल बॅलन्समध्ये पगार २२,००० डेबिट आणि आउटस्टँडिंग पगार २,००० क्रेडिट. मित्राने पगार २४,००० केला. मी म्हटलं, जे ट्रायल बॅलन्सच्या आत आहे त्याला हात लावायचा नाही, सोडून द्यायचं. पैज लागली वडापावची. त्याचं टॅली होईना, २,०००चा फरक. मी जिंकलो, असं मला वाटलं. पण माझंही होईना, मलाही २,०००चाच फरक! रात्री दोन वाजता दोघंही डोकं धरून बसलो. अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं, बेरजेत कुठेतरी घसरलो असेन.

लाल पेन

@दादर फास्ट, अर्धंच बरोबर होतं. (पेपर तपासते, सवय आहे.) नफातोट्याला हात लावायचा नाही हे खरं, कारण तो २,००० पगारात आधीच मिळवलेला असतो. पण "सोडून द्यायचं" म्हणजे बॅलन्स शीटलाही न्यायचं नाही, असा अर्थ तुम्ही घेतलात. क्रेडिटचा आकडा डाव्या बाजूला देणं म्हणून गेलाच पाहिजे. तुमच्याकडून तो गळला, मित्राने तोच खर्च दुसऱ्यांदा कापला. दोघांच्याही डाव्या बाजूला २,००० कमी. मित्राने देणं ४,००० दाखवलं असतं तर टॅली होऊन चूक दडली असती, आणि वडापाव त्याने खाल्ला असता.

दादर फास्ट

वडापाव परत करणार नाही.

सेक्रेटरी, तिसरा मजला

चांगला धागा. आमच्या सोसायटीत एका सभासदाचा मेंटेनन्स सात महिने आउटस्टँडिंग आहे. वरच्या चर्चेप्रमाणे तो मी देण्यात दाखवायचा का? नोटीस दिली तर भांडायला येतो.

रोजमेळ

साहेब, तो तुम्हाला *देणं* आहे का? तुम्हाला त्याच्याकडून येणं आहे. उजवी बाजू. भांडणाचं तुमचं तुम्ही बघा.

रात्रपाळी कुर्ला

आमचं भांडण २०१९चं, व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री पावणेदोन. ट्रायल बॅलन्समध्ये १० टक्क्यांचं कर्ज ५०,००० आणि भरलेलं व्याज २,०००. कर्जाची तारीखच नाही. मी पूर्ण वर्ष धरून ३,००० आउटस्टँडिंग दाखवले. मैत्रीण म्हणाली, तारीख नाही म्हणजे कर्ज कधी घेतलं माहीत नाही, माहीत नाही तर धरायचं नाही. "तू मनाने कर्ज वर्षभर चालवतेस!" एवढं लिहून तिने फोन बंद केला. तिला ब्लॉक करून मी झोपले. परीक्षेत तसंच गणित आलं की काय, अशी धास्ती होती, आलं नाही. त्यामुळे कोण बरोबर हे राहूनच गेलं.

लाल पेन

दर कंसात देऊन ठेवलाय म्हणजे सेटरला तो वापरायचाय. मी पूर्ण वर्ष धरते आणि खाली एक ओळ लिहायला सांगते, "कर्ज संपूर्ण वर्ष होते असे गृहीत धरले आहे."

दादर फास्ट

आमच्या सरांनी नेमकी अशीच ओळ लिहिणाऱ्याचे मार्क कापले होते. म्हणाले, सांगितलं नाही ते गृहीत कशाला धरता?

गॅलरीतला बल्ब

मुलीला वाचून दाखवलं. तिच्या गणितातही तारीख नाहीये. मैत्रिणीला पुन्हा फोन लावलाय.