मदत हवी आहे: ऑफिसांना पहिला फोन करताना नेमकं काय बोलायचं?

टोनरवाला: ऑफिसांना टोनर आणि कागद पुरवतो. आतापर्यंत ओळखीवर चाललं, आता अनोळखी छोट्या कंपन्यांना फोन करतोय. माझं वाक्य असं: "नमस्कार, आम्ही टोनर, कागद, फाइली सगळं योग्य दरात देतो. कोटेशन पाठवू का?" समोरून "मेल करा" येतं आणि विषय संपतो. काय बदलू?

दरपत्रक: पहिल्याच वाक्यात दर सांगा. कमी दर ऐकला की माणूस थांबतोच.

जुना_सेल्समन: थांबतो, पण तोच दर घेऊन आधीच्या पुरवठादाराकडे जातो. तो तेवढा कमी करतो आणि तुम्ही बाहेर. शिवाय फोन उचलणारा बहुतेक वेळा खरेदी करत नाही, म्हणून "मेल करा" म्हणतो. पहिल्या फोनवर विकू नका, फक्त माणूस शोधा:

"नमस्कार, मी अमुक, प्रिंटरचे टोनर पुरवतो. तुमच्याकडे टोनर संपला की ऑर्डर कोण देतं? त्यांच्याशी दोन मिनिटं कधी बोलता येईल?"

त्या माणसाला विचारा: "मशिन कोणतं आहे? टोनर मागवल्यावर किती दिवसांत येतो?" मग गप्प बसा. अडचण असली तर तो स्वतःच सांगतो. "आमचा माणूस ठरलेला आहे" म्हणाला तर म्हणा, "त्यांना बदलू नका. त्यांच्याकडे माल नसेल त्या दिवशी मला एक फोन करा." एवढं मागितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

सफाई_सेवा: आम्ही ऑफिसची साफसफाई करतो. फोनवर काहीच जमत नाही, जागा बघितल्याशिवाय दर कसा सांगणार?

जुना_सेल्समन: तुमचं वेगळं आहे, तुम्ही फोनवर फक्त जागा बघायची वेळ मागा. भेट टोनरवाल्यांनाही हवीच. गेलात की मशिनचा मॉडेल नंबर आणि रोजची पानं लिहून घ्या. समजा खोक्यावर 2000 पानं लिहिलीत आणि रोज 50 निघतात, तर 40 कामाचे दिवस. पाच दिवसांचा आठवडा धरला तर आठ आठवडे. सातव्या आठवड्यात तुम्हीच विचारा, "टोनर संपत आला असेल, पाठवू का?" नियमित गिऱ्हाईक इथे तयार होतं. मात्र खोक्यावरचा आकडा पानाचा साधारण 5 टक्केच भाग छापला जाईल असं धरून असतो. चित्रं किंवा दाट तक्ते छापणाऱ्यांचा टोनर बराच आधी संपतो, म्हणून छापलेलं एक पान मागून बघा.

दरपत्रक: हे पटलं. पण उधारीचं पहिल्या भेटीत काढायचं का? मी काढतो, "बिलाचे पैसे किती दिवसांत देता?"

जुना_सेल्समन: मी पहिल्या ऑर्डरच्या वेळी काढतो, त्याआधी माणूस बिचकतो.

दरपत्रक: माल गेल्यावर विचारून काय उपयोग?

टोनरवाला: उधारीचं अजून ठरत नाहीये. स्क्रिप्ट बदलतो. अजून एक: रिसेप्शनवर "सर मीटिंगमध्ये आहेत" म्हणाले तर निरोप ठेवू, की वेळ विचारून परत फोन करू?