गिफ्टच्या नावाखाली मागणी

>> "हुंडा नकोच म्हणतात, पण कार 'मुलीला गिफ्ट' म्हणून द्या म्हणे. नाही कसं म्हणायचं?"

नाही तुम्ही म्हणायचंच नाही, मुलाने म्हणायचं, आणि तेही स्वतःच्या आईवडिलांना, घरात, बैठकीच्या आधी. मुलीच्या बापाने चारचौघात नकार दिला की तो अपमान वाटतो आणि मग काका-मामा मध्ये पडतात. माझ्या बहिणीच्या वेळी होणाऱ्या दाजींनी घरी एवढंच सांगितलं की गाडी मी माझ्या पगारातून घेईन, त्यांच्याकडून आली तर मी चालवणार नाही. विषय तिथेच संपला, सासूबाईंना कोणी वाईटही ठरवलं नाही.

आणि १९६१च्या हुंडाबंदी कायद्यात मागून घेतलेली गिफ्टही हुंडाच आणि देणाराही गुन्हेगार. न मागता, ऐपतीप्रमाणे दिलेला आहेर चालतो, पण १९८५च्या नियमांप्रमाणे त्याची यादी ठेवायची असते: वस्तू, अंदाजे किंमत, कोणी दिली, नातं काय, आणि खाली वधूवर दोघांच्या सह्या. याद्या करताना दाजींनीच हा कागद पुढे केला, "दोन्हीकडची नोंद राहील" म्हणून, मग मानपानाच्या वाढीव मागण्या लिहून द्यायला कोणी तयार होईना.