क्वचित छापणाऱ्या विद्यार्थ्यासाठी प्रिंटर: शाई वाळू नये म्हणून तुम्ही काय घेतलंत?

चिपळूणकरीण: मुलगी डिप्लोमाला आहे. असाइनमेंट, फॉर्म, हॉल तिकीट मिळून महिन्याला पंधरा-वीस पानं, बहुतेक काळी-पांढरी. सुट्टीत दोन महिने एकही पान नाही. शेजारच्यांचा शाईचा प्रिंटर प्रत्येक सुट्टीनंतर पांढऱ्या रेघा सोडतो, म्हणून धास्ती वाटते. बजेट दहा-बारा हजार. आपापले अनुभव सविस्तर लिहा, कृपया.

मुठाकाठ: इंक टँक घ्या आणि टाकी कायम भरलेली ठेवा. भरलेल्या टाकीत शाई वाळत नाही. आमच्याकडे कधीच त्रास झाला नाही.

टोनरवाला: दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टाकीतली शाई वाळत नाही, हे खरं. पण ती वाळते कागदावर शाई सोडणाऱ्या हेडमधल्या, केसाहून बारीक छिद्रांत, आणि टाकी भरलेली असली तरी तिथे फरक पडत नाही. शाईत मुख्यतः पाणी असतं, ते उडून गेलं की रंग छिद्रात घट्ट बसतो. म्हणून प्रिंटर बंद होताना हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली बसतं. लोक काय करतात, छापून झालं की भिंतीवरचं बटण बंद! मग हेड कधीकधी मध्येच उघडं राहतं. आधी प्रिंटरचं बटण दाबा, आवाज थांबू द्या, मग भिंतीवरचं. मुठाकाठ, तुमच्याकडे दर आठवड्याला काहीतरी छापलं जात असणार.

मुठाकाठ: हो, बायकोचे शिकवणीचे पेपर असतात.

टोनरवाला: म्हणूनच टिकलाय. ताई, तुमच्याकडे दोन-दोन महिने खंड आहे, तर मी साधा काळा-पांढरा लेझरच सांगेन. टोनर ही कोरडी पूड, वाळायला त्यात काही नाहीच. नव्याचं बजेट जुळत नसेल तर जुना कॅनन एलबीपी २९०० बघा. त्यात १२ए जातीचं कार्ट्रिज चालतं, ते कुठल्याही तालुक्याच्या गावी भरून मिळतं. मात्र वाय-फाय नाही आणि दोन्ही बाजूंनी आपोआप छापत नाही. घेण्याआधी सलग दहा पानं छापून बघा. ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा आला तर ड्रम किंवा रोलर खराब. बोटानं चोळून अक्षरं पुसली गेली तर फ्यूजर नीट तापत नाही, तो घेऊ नका.

सह्याद्रीवेडा: मला ट्रेकचे फोटो चकचकीत कागदावर हवे असतात. लेझरवर जमेल का?

टोनरवाला: नाही. फोटोला शाईचाच लागतो. शिवाय शाईचा फोटो पेपर लेझरमध्ये घालू नका, त्यावरचा थर वितळून फ्यूजरला चिकटतो.

हॉस्टेल_ब्लॉक_बी: माझ्याकडे सर्वांत स्वस्त, दोन छोट्या कार्ट्रिजांचा प्रिंटर आहे. सुट्टीनंतर काळं उमटेना. यात हेड कार्ट्रिजलाच असतं, म्हणून काढून कोमट पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर तळाची बाजू थोडा वेळ टेकवली. आधी काळा ठिपका, मग सलग पट्टी उमटली आणि छपाई परत आली. अगदीच गेलं असतं तर नवं कार्ट्रिज म्हणजे नवं हेड. पण त्याचा भाव बघितला की पोटात गोळा येतो.

मुठाकाठ: आणि इंक टँकचं हेड तुंबलं तर?

टोनरवाला: नोझल चेक छापा. रेघा तुटक आल्या तर एकदा-दोनदा क्लीनिंग करा, मग रात्रभर तसाच ठेवून पुन्हा बघा. सारखं क्लीनिंग करू नका, ती सगळी शाई आतल्या पॅडमध्ये वाया जाते. काही टाकीवाल्यांत हेड बदलता येतं, काहींत ते यंत्रातच बसवलेलं असतं. घेण्याआधी विचारा.

पै_पैचा_हिशेब: मूळ हिशेबच करूया. वीस पानं, दोन रुपये पान, म्हणजे महिन्याला चाळीस, वर्षाला ४८०. बारा हजारांत पंचवीस वर्षं झेरॉक्स होईल! प्रिंटर कशाला?

चिपळूणकरीण: पटतंय. पण आमच्या वाडीतून दुकान सहा किलोमीटर, आणि सबमिशनची फाइल रात्री अकराला तयार होते. पावसात तर विचारू नका.

कोकणातला_मास्तर: पावसाचं निघालंच म्हणून सांगतो. लेझर घेतला तरी कागद जपा. जुलैत रिम उघडी राहिली की पानं दमट होतात, वळतात आणि आत अडकतात. मी पानं झिपच्या पिशवीत ठेवतो, ट्रेमध्ये लागतील तेवढीच. आणि लेझर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका, तापताना वीज एकदम खेचतो.

चिपळूणकरीण: इन्व्हर्टरचं लक्षात नव्हतं, आमच्याकडे वीज जातेच. लेझरकडे मन वळतंय. पण पुढच्या सेमिस्टरला रंगीत ड्रॉइंगं असतील म्हणते.

टोनरवाला: तेवढी रंगीत पानं बाहेरून काढा.

हॉस्टेल_ब्लॉक_बी: मला नाही पटत. आमच्याकडे रंगीत पानाला दहा रुपये घेतात आणि सर दुरुस्त्या काढून तीच शीट पुन्हा मागतात. ताई, किती शीट लागतात ते सिनिअर्सना विचारून मगच ठरवा.