अंडरडॉगला मराठीत नेमकं काय म्हणायचं? (भाच्यासाठी सिनेमांची यादी करतेय)

चाळीसगावची मावशी
मंडळी एक शब्द हवाय. बहिणीचा मुलगा नववीतला, मे महिनाभर माझ्याकडे राहणार, बाहेर जळगाव-भुसावळकडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, दुपारी कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. तर रात्री गच्चीवर चादर बांधून सिनेमे दाखवायचे असं ठरवलंय. पोराला खेळायचा भयंकर कंटाळा, पीटीच्या तासाला पोट दुखतं, गडी वाटून घेताना हा कायम शेवटी उरतो. पण सिनेमे बघतो, आणि हरणाऱ्या टीमची गोष्ट असली की मात्र डोळे मोठे करून बघतो. म्हणून खेळाचेच सिनेमे निवडलेत, ज्यात दुबळी बाजू असते ते. आता यादीवर मथळा काय लिहू? अंडरडॉग लिहिलं तर आई (म्हणजे त्याची आजी) विचारते कुत्र्याचा सिनेमा आहे का.

भुसावळकर
सोप्पंय, लिंबूटिंबू! आमच्या रेल्वे क्वार्टरात कच्चा लिंबू म्हणायचे, हिंदीवाली पोरं जास्त होती ना. लगानमधला कचरा आठवा, हात वाळलेला, कोणी टीममध्ये घ्यायला तयार नाही, आणि त्याचाच बॉल वळतो. झाला की नाही कच्चा लिंबू.

शहाद्याचा घोडेवाला
मराठीत याला काळा घोडा म्हणतात, पेपरात इलेक्शनच्या टायमाला येतं ना, अमुक उमेदवार काळा घोडा ठरला. सारंगखेड्याच्या यात्रेला या दाखवतो खरे काळे घोडे 😀

शब्दवेडा धुळे
घोडेवाले भाऊ, अर्धं बरोबर. काळा घोडा हे डार्क हॉर्सचं शब्दशः भाषांतर, आणि तिथला डार्क म्हणजे रंगाने काळा नव्हे, अंधारातला, ज्याची कोणाला माहिती नाही असा. डिझरायलीच्या १८३१ च्या कादंबरीत शर्यतीचा प्रसंग आहे, कोणाच्या ध्यानीमनी नसलेला घोडा सगळ्यांना मागे टाकतो, तिथून तो शब्द पसरला. म्हणजे काळा घोडा ताकदीचा असू शकतो, फक्त लोकांना ठाऊक नसतो. सारंगखेड्याला एखादा अबलख घोडा कोपऱ्यात बांधलेला असतो, कोणी भाव विचारत नाही आणि चालवून बघितल्यावर सगळे गोळा होतात, तो डार्क हॉर्स, रंग कोणताही असो. अंडरडॉगचं तसं नाही, तो दुबळा आहे हे सगळ्यांना माहिती असतं, त्याला स्वतःलाही.

शहाद्याचा घोडेवाला
अबलखला भाव विचारत नाही असं होत नाही, पण मुद्दा पटला.

रावेरचा केळीवाला
मना पोर्‍या बी तसाच शे, खेळाले नको म्हनस, दिवसभर मोबाईल. मी त्याले बॅडमिंटनले टाकं, आते बरा शे. ताई तुम्हीपण सिनेमे बंद करा आणि पोराला सकाळी ग्राउंडवर पाठवा, उन्हाच्या आधी.

चाळीसगावची मावशी
दादा, त्याला खेळायला लावायचंच नाहीये हो, शब्द हवाय फक्त. 🙏

शब्दवेडा धुळे
भुसावळकरांच्या लिंबूटिंबूवर बोलू. शब्द गोड आहे पण नीट बघा, लिंबूटिंबू आउट झाला तरी आउट नाही, त्याने रन काढला तरी तो धरला तर धरला. त्याला खेळात घेतलेलं असतं पण हिशोबात नाही. कचऱ्याची विकेट तर मोजली जाते, तिच्यावर गावाचा तीन वर्षांचा लगान ठरणार असतो. म्हणजे कचरा लिंबूटिंबू नाहीच. खरा लिंबूटिंबू बघायचा तर एडी द ईगल लावा, २०१६ चा. इंग्लंडचा मायकल एडवर्ड्स, पेशाने प्लास्टर करणारा, जाड भिंगाचा चष्मा, १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकला स्की जंपिंगमध्ये उतरला आणि ७० मीटर आणि ९० मीटर, दोन्ही प्रकारांत शेवटचा आला. वर गॉगल घातला की आतल्या चष्म्यावर वाफ धरायची म्हणे. लोक त्याच्यावर खूश, पण बऱ्याच लोकांना वाटलं हा खेळाची टिंगल करतोय. आणि मग झालं काय, नंतर पात्रतेचा नियमच कडक केला, आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये वरच्या तीस टक्क्यांत किंवा पहिल्या पन्नासात आलात तरच ऑलिंपिक. थोडक्यात, लिंबूटिंबूंना आता खेळात घेणार नाही. त्यातला ह्यू जॅकमनचा दारुडा कोच मात्र सिनेमाने रचलेला आहे, तो खरा समजू नका.

भुसावळकर
अरे मग शेवटचा आलेला माणूस अंडरडॉग कसा, अंडरडॉग तर शेवटी जिंकतो ना? सगळ्या सिनेमात जिंकतो.

शब्दवेडा धुळे
तीच तर गंमत. शब्दाचं मूळ कुत्र्यांच्या झुंजीत आहे, वरचा कुत्रा टॉप डॉग आणि खाली दाबला गेलेला तो अंडरडॉग. म्हणजे आजी काही चुकल्या नाहीत 😄 तो शब्द मुळात हरणाऱ्याचाच, जिंकण्याचा भाग सिनेमांनी चिकटवला. आणि सगळे जिंकतातच असंही नाही, रॉकी १९७६ चा, त्यात रॉकी पॉइंटवर हरतो. कित्येक लोकांना ते आठवतच नाही, जिना चढून हात वर केलेले तेवढे आठवतात.

अमळनेरचे तात्या
मी जुना तालमीतला माणूस, मोबाईलवर हळू टाइप होतं, सांभाळून घ्या. तुमच्या खाली दाबलेल्या कुत्र्यावरून आठवलं. आपल्या मातीच्या कुस्तीत खाली गेलेला पैलवान हरलेला नसतो. पालथा पडून मातीला चिकटून राहिला, वरच्याने ताबा घेतला, मानेवर घिस्से मारले, तरी जोवर पाठ मातीला लागत नाही तोवर कुस्ती चालूच. यात्रेत अशा कुस्तीला लोक खालच्याच्या नावाने ओरडतात, वरच्याच्या नाही. मी स्वतः असा बराच वेळ खाली राहिलोय आणि शेवटी बरोबरीत सोडवली, नारळ दोघांत फोडला. तर तुमच्या शब्दाला खालचा गडी म्हणा.

शब्दवेडा धुळे
तात्या, वा! इंग्रजी शब्दातलं खाली आणि आपलं खाली अगदी शेजारी येऊन बसलं. मी हा शब्द उचलतोय.

चाळीसगावची मावशी
खालचा गडी छान आहे पण शेतावर काम करणाऱ्या गड्यासारखं ऐकू येतं, भाचा हसेल. आणि तात्या, दंगल यादीत आहेच, त्यात गीता शेवटच्या सेकंदाला पाच पॉइंटचा डाव मारते ती खालचा गडी ना?

अमळनेरचे तात्या
सिनेमात हो. खऱ्या २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थ फायनलला ५५ किलोत तिने ऑस्ट्रेलियाच्या पोरीचे दोन्ही राऊंड सरळ घेतले, शेवटच्या सेकंदाची वाट बघायची वेळच आली नाही. वडलांना खोलीत कोंडल्याचंही खोटं. वरचढ पोरीला सिनेमाने खाली पाडून दाखवलं, मग उठवलं. मला ते आवडलं नाही. पण पोरीला कुस्ती शिकवायची म्हणून गाव हसलं, तिथे ती खालचीच होती, ते खरं.

पाचोऱ्याची वाचक
झुंड कोणीच नाही म्हणालं? नागराजचा, नागपूरची झोपडपट्टी, फुटबॉल. त्यात तर शब्दाचाच वाद आहे, बच्चन म्हणतो यांना झुंड नका म्हणू, टीम म्हणा.

भुसावळकर
ताई पोराला आकडे आवडतात का? गणितात बरा असेल तर मनीबॉल दाखवा. मी अर्धाच बघितला, बेसबॉल काय कळला नाही, पण कॉम्प्युटरवाला जाडा पोरगा भारी होता.

शब्दवेडा धुळे
भुसावळकर, अर्ध्यात सोडलात तिथेच चूक केली. खेळणं न आवडणाऱ्या पोरासाठी याच्याइतका चांगला सिनेमा नाही, कारण यातला हिरोच मॅच बघत नाही. बिली बीन, ओकलंडच्या टीमला खेळाडू निवडून देणारा माणूस, मॅच चालू असताना गाडी घेऊन भटकतो नाहीतर जिममध्ये जातो. तरुणपणी याच्याबद्दल निवड करणारे म्हातारे म्हणाले होते की हा स्टार होणार, दिसायला, धावायला, फेकायला सगळं एक नंबर, आणि खेळाडू म्हणून साफ पडला. म्हणून त्याचा दिसण्यावरून विश्वास उडालाय.
बेसबॉलचं एवढंच कळलं तरी पुरे, की बॉलरने चार बॉल बाहेर टाकले की बॅट्समन न मारता आरामात पहिल्या बेसवर चालत जातो. आपल्या वाइडसारखं समजा, फुकटचं आहे म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही, पण धाव व्हायला माणूस बेसवर तर आला. जुने लोक मारलेले बॉल मोजायचे, बीनच्या बाजूचा पोरगा म्हणतो कसाही येऊ दे, बेसवर किती वेळा आला ते मोजा. त्या हिशोबाने जे खेळाडू कोणाला नको होते ते स्वस्तात मिळाले. हॅटेबर्ग म्हणून एक जण, कोपराची नस गेल्यामुळे नेहमीच्या जागेवरून बॉल फेकता येईना, त्याच्या घरी जाऊन बीन म्हणतो तू फर्स्ट बेसला उभा राहा, काही अवघड नाही, आणि सोबत नेलेला कोच तिथल्या तिथे म्हणतो फार अवघड आहे.
आता हा शब्दासाठी महत्त्वाचा. हॅटेबर्ग लिंबूटिंबू नाही आणि काळा घोडाही नाही, त्याला सगळे ओळखतात पण कोणी मोजत नाही. मराठीत त्याला तयार शब्द आहे, खिजगणतीत नसलेला. गंमत बघा, खिजगणतीत असलेला असं कोणी म्हणत नाही, शब्द नकारातच जगतो.
४ सप्टेंबर २००२, सलग विसाव्या विजयाची मॅच. ओकलंड ११-० पुढे. बीन सिनेमात एकदाच गाडी वळवून मैदानावर येतो, आणि तो आल्यावर घसरण सुरू, ११-११. मग राखीव म्हणून हॅटेबर्गला पाठवतात आणि तो एकच फटका स्टँडमध्ये मारतो. हे खरं घडलंय, स्कोअर खरा आहे.

पाचोऱ्याची वाचक
म्हणजे मग ते जिंकले ना कप?

शब्दवेडा धुळे
नाही, पुढे बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात मिनेसोटाकडून हरले. आणि सिनेमा एक लपवतो, त्याच टीमचा झिटो त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम बॉलर ठरला आणि तेहादा सर्वोत्तम खेळाडू, हे काही खिजगणतीत नसलेले नव्हते. ते दाखवले असते तर टीम खालची वाटलीच नसती.

अमळनेरचे तात्या
बघा, तिथेही खाली पाडून दाखवलंच.

चाळीसगावची मावशी
मंडळी, भाचा काल आला, हे सगळं वाचून दाखवलं. खिजगणतीला म्हणाला परीक्षेत येईल तेव्हा बघू, खालचा गडीला अपेक्षेप्रमाणे हसला. मग त्याने स्वतःच स्केचपेनने यादीवर लिहिलं, "शेवटी उरलेले". पहिल्या रात्री एडी लावला. चष्म्यावर वाफ धरते तिथे याने स्वतःचा चष्मा काढून पुसला, मी काही बोलले नाही. आज मनीबॉल.

शब्दवेडा धुळे
उरलेले म्हटलं की मला रात्रीची भाकरी आठवते, माणसाला लावू नये असं वाटतं.

रावेरचा केळीवाला
रात्रीच्या भाकरीचा काला करून, वर तेल-तिखट टाकून खाऊन बघा एकदा, मग बोला.

शब्दवेडा धुळे
भाकरीचं मान्य. शब्दाचं नाही.