मदत हवी आहे: डॉलर चढला तर काजूच्या आयातीत किती फटका? कव्हर किती घ्यावं?

काजूबोंडू
वेंगुर्ल्याजवळ काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. आफ्रिकेतून कच्ची काजी मागवतोय: 16 टन, टनाला 1,500 डॉलर, म्हणजे 24,000 डॉलर. बिल 20 एप्रिलच्या शिपमेंटपासून 90 दिवसांनी, 19 जुलैला भरायचंय. याच हंगामात दुबईला 9,000 डॉलरचा गर जाईल, ते पैसे साधारण 20 जूनला येतील. बाकी गर इथेच रुपयांत विकणार. डॉलर 2 रुपयांनी चढला तर नुकसान किती धरू? बँक म्हणते सगळ्या 24,000 चं फॉरवर्ड कव्हर घ्या, म्हणजे जुलैचा दर आजच बांधून टाका.

बंदरपट्टी
घाबरू नका. रुपया पडला की आयातदार घालवतो, निर्यातदार कमावतो. तुम्ही दोन्ही आहात, फिटंफाट.

जमाखर्च
फिटंफाट फक्त 9,000 पुरती, आणि तीही तारखा जुळल्या तर. आकडे समजण्यासाठी धरलेत, स्वतःच्या बँकेचे दर घालून बघा.

समजा आज बँक तुम्हाला डॉलर 86.20 ला विकते आणि तुमच्याकडून 85.80 ला घेते. मधले 40 पैसे तिचे. जुलैपर्यंत दोन्ही दर 2 रुपयांनी चढले, तर बिल 20,68,800 वरून 21,16,800 वर जातं, म्हणजे 48,000 जास्त. जूनमध्येच तेवढी चढ झालेली असेल तर दुबईच्या पैशांवर 18,000 जास्त मिळतील. निव्वळ फटका 30,000, कारण उघडे आहेत ते 15,000 डॉलर. कव्हरचा विचार तेवढ्याचाच करा. 24,000 चं कव्हर घेतलंत तर डॉलर पडल्यावर दुबईच्या पैशांत तोटा होईल, आणि तो भरून काढायला आयातीकडे काही उरणार नाही.

आता ते 9,000 जूनमध्ये रुपयांत करून जुलैत पुन्हा विकत घेऊ नका. ईईएफसी, म्हणजे निर्यातदाराच्या परकी चलनाच्या खात्यात डॉलरच ठेवा आणि त्यातून बिल भरा, 40 पैशांप्रमाणे 3,600 वाचतात. खात्यावर व्याज नाही, आणि एका महिन्यात जमा झालेले डॉलर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरावे किंवा रुपयांत करावे लागतात. 20 जूनला आले तर 31 जुलैपर्यंत मुदत, 19 जुलैचं बिल बसतं. दुबईवाल्याने हौसेने 28 मेलाच पाठवले तर 30 जूनला मुदत संपते. मग अडचण.

काजूबोंडू
निर्यातीसाठी डॉलरमध्ये पॅकिंग क्रेडिट घेतलंय, हे सांगायचं राहिलं.

जमाखर्च
मग हिशेब बदलला. दुबईचे पैसे आधी त्या कर्जात जातील, बिलासाठी उरतील ते फक्त शिल्लक डॉलर. उघडा आकडा 15,000 च्या वर जाईल. कर्ज किती आहे ते बघून पुन्हा मांडा.

दोडामार्गवाला
आमच्या गावठी काजीक दर चढतलो काय मगे? बाग आसा, आयात-निर्यात काय नाय.

जमाखर्च
थोडा. वरच्या हिशेबात आयात काजी किलोला 129.30 वरून 132.30 वर जाते, शुल्क आणि भाडं सोडून. म्हणजे जास्तीत जास्त 3 रुपयांचा आधार. कारखानदाराकडे जुना साठा असला तर तेवढाही लगेच दिसणार नाही.

बंदरपट्टी
बरं, 15,000 चं कव्हर घ्यायला खर्च किती?

जमाखर्च
90 दिवसांचं प्रीमियम 45 पैसे धरलं तर दर 86.65, म्हणजे 6,750 जास्त. हा आयातदाराचा खर्च. निर्यातदाराने पुढचे डॉलर विकून ठेवले तर प्रीमियम त्याच्या बाजूने येतं.

घोळ होतो तो तारखेत. जहाज उशिरा सुटलं, बिल पुढे गेलं आणि कव्हर रद्द करावं लागलं, तर बँक तेव्हाच्या खरेदी दराने मिटवते. तो 85.40 असेल तर डॉलरमागे 1.25, म्हणजे 18,750 तुमच्या खिशातून, वर बँकेचं शुल्क. म्हणून एकाच तारखेऐवजी पंधरवडा-महिन्याची डिलिव्हरी खिडकी मागा. दर थोडा महाग पडेल, पण आफ्रिकेच्या मालात ते परवडतं.

खाडीपलीकडे
मी तरी निम्म्याचंच कव्हर घेतो. डॉलर उतरला तर बाजारात स्वस्त काजी आणणारा शेजारी गर कमी दराने विकतो, आणि आपण 86.65 ला अडकलेले असतो.

जमाखर्च
हा मुद्दा खरा आहे. माझं मत वेगळं: गराचा दर आधीच ठरवून विकलाय तेवढ्या मालाचं पूर्ण कव्हर, बाकीचं निम्मं. पण नफा किलोला दोन-तीन रुपयांचाच असेल तर निम्मं उघडं ठेवायची हिंमत मी करणार नाही.

खाडीपलीकडे
दर आधी ठरवून गर घेणारा आमच्याकडे आहे कुठे?

काजूबोंडू
माझ्याकडे एकच आहे, तो उचलेल 1 टन. पॅकिंग क्रेडिटचा आकडा उद्या बँकेतून घेऊन टाकतो.